टेपच्या आत काय आहे?

फेब्रुवारी जवळ आला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शाळांमध्ये एकच लगबग सुरू होते. पुठ्ठे कापले जातात, थर्माकोलचे तुकडे वर्गभर उडतात आणि कुणाच्या तरी दप्तरातून सेल, बल्ब, छोटी मोटार असा ऐवज बाहेर पडतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपला शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केला, म्हणून तो आपला विज्ञान दिन. आणि आपल्या भागाचं भाग्य असं, की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञान दिनाच्या निमित्तानं तिची दारं सर्वांसाठी उघडतात आणि शाळाशाळांतली मुलं आपापली मॉडेल्स घेऊन तिथं प्रदर्शनाला येतात.

आता असं पाहा. पवनचक्कीचं मॉडेल शाळेत झकास फिरत होतं. जीपच्या मागच्या बाकावर मांडीवर धरून ते खोडदला नेलं. टेबलावर ठेवलं, बटण दाबलं आणि चक्की ढिम्म! मग सेल बदला, मोटारीला टिचकी मारा, असं सगळं सुरू होतं. शेवटी कुणीतरी टेप गुंडाळलेला जोड दोन बोटांत दाबतं आणि चक्की गरगरा फिरायला लागते. बोट काढलं की पुन्हा बंद. प्रदर्शन संपेपर्यंत एका मुलाची नेमणूक जोड दाबून उभं राहण्यासाठी! प्रदर्शनाला गेलेल्या मुलांना हे दृश्य नवं नाही.

या जोडात नेमकं काय घडतं, ते आज आपण टेप उलगडून पाहू.

दोन तारा सोलल्या आणि एकमेकींभोवती पिळल्या की आपल्याला वाटतं, त्या एकजीव झाल्या. तसं होत नाही. तांब्याचा पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत दिसतो, पण भिंगातून पाहिला तर त्यावर लेण्याद्रीच्या डोंगरासारखे चढउतार असतात. दोन तारा टेकतात त्या फक्त काही उंचवट्यांवर. वीज जाते ती त्या मोजक्या ठिपक्यांतून. बाकी सगळीकडे मध्ये हवा. हवेमुळे तांब्यावर हळूहळू काळपट थर चढतो आणि तो विजेला नीट वाट देत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे काम आणखी जोरात चालतं. त्यात धक्के बसले, तार हलली, की टेकलेले ठिपकेही सुटतात. टेप तारांना दाबून धरत नाही, बरं का! तो फक्त झाकतो. म्हणजे आतला पीळ सैल झाला तरी बाहेरून जोड जसाच्या तसा दिसतो.

या अडथळ्याची मोजणी ओहममध्ये करतात. आपल्या चक्कीला दोन सेल आहेत, म्हणजे ३ व्होल्ट. मोटार ०.३ अँपिअर वीज घेते असं धरू. सैल जोडाचा अडथळा ३ ओहम झाला, तर तो एकटाच ०.३ गुणिले ३, म्हणजे ०.९ व्होल्ट खाऊन टाकतो. खिशात तीन रुपये आणि त्यातला जवळजवळ एक रुपया वाटेतच गळाला! चक्की रेंगाळणारच. पण एका अर्थी हे बरंच झालं, कारण चोरी लगेच उघडकीस आली.

आता हाच जोड विहिरीवर नेऊ. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी पाच हॉर्सपॉवरची मोटार असेल. तिला तीन फेजची ४१५ व्होल्टची वीज लागते आणि प्रत्येक तारेतून साधारण ८ अँपिअर जातात. केबल कधीतरी उंदरानं कुरतडली, म्हणून ती तोडून, पिळून, टेप लावून विहिरीच्या काठावर जोडली आहे. समजा, त्या जोडाचा अडथळा फक्त ०.४ ओहम झाला. तो किती व्होल्ट खाईल? ८ गुणिले ०.४, म्हणजे ३.२ व्होल्ट. चारशे पंधरा रुपयांतून तीन रुपये गेले तर कुणाच्या लक्षात येतं? मोटार तशीच चालते, पाणी तसंच पडतं.

पण ती गेलेली वीज जाते कुठं? तिची उष्णता होते. हिशेब असा: अँपिअर गुणिले अँपिअर गुणिले ओहम. ८ गुणिले ८ गुणिले ०.४, म्हणजे २५.६ वॅट. आता गंमत ऐका. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जी सोल्डरिंगची इस्तरी असते, ती २५ वॅटची असते आणि तिचं टोक तीनशे अंशांच्या वर तापतं! म्हणजे काठावरच्या त्या जोडात जवळजवळ तेवढीच उष्णता तयार होते आहे, आणि वरून टेप गुंडाळलेला आहे. टेपचा डिंक वितळून बाहेर येतो, टेप काळा आणि चिकट होतो, केबलचं आवरण कडक होऊन तडकतं. तांबं तापलं की त्यावरचा काळा थर वाढतो, थर वाढला की अडथळा वाढतो आणि अडथळा वाढला की तांबं आणखी तापतं. मोटार सुरू झाली की जोड फुगतो, बंद झाली की आकसतो आणि प्रत्येक वेळी जरासा सैल होतो.

शेवटी एक तार तुटते. तीन तारांपैकी दोनच उरल्या की मोटार घुर्र करून अडते किंवा ओढाताण करत चालते. स्टार्टरनं वेळेवर साथ दिली नाही तर तिचं वाइंडिंग जळतं. हे नेमकं रात्रीच्या विजेच्या पाळीत होतं. जुन्नर-आंबेगावात रात्री उसाच्या कडेकडेनं विहिरीवर जायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. बिबट्याच्या भीतीनं हातात बॅटरी आणि काठी घेऊन, मोठ्यानं बोलत जाणारे बाबा आणि काका तुम्ही पाहिलेच असतील. एवढं सगळं बोटभर जोडासाठी!

मग चांगला जोड कसा करायचा? दोन रस्ते आहेत. पहिला सोल्डरिंगचा, म्हणजे डाख देण्याचा. आपल्या सेलवरच्या मॉडेलसाठी हाच योग्य.

तुमच्या आजीला विचारा, पूर्वी गावात कल्हईवाला यायचा. तो पितळेचं भांडं आधी घासून लख्ख करायचा, भात्यानं तापवायचा, नवसागर टाकायचा आणि मग कथलाची कांडी नुसती टेकवायचा. कथील वितळून भांडंभर पसरायचं आणि चिकटून बसायचं. सोल्डरिंग म्हणजे तारेला केलेली कल्हईच. फक्त इथं कथलात शिसं मिसळलेलं असतं. नेहमीच्या सोल्डरमध्ये ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ अंशांना, पण दोघांचं हे मिश्रण १८३ अंशांनाच वितळायला लागतं! दोघांपेक्षाही कमी. आहे की नाही नवल? नवसागराच्या जागी सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते. इस्तरी टेकताच धूर निघतो तो या राळेचा. नवसागर किंवा पत्र्याच्या डब्यांना डाख देताना लावतात ते ॲसिड तारेला मात्र लावायचं नाही. ते मागं राहून तांबं खात बसतं.

आता कृती. इस्तरी घरच्या २३० व्होल्टवर चालते आणि भाजते, म्हणून सरांनी, आईनं किंवा बाबांनी शेजारी बसायचंच. खिडकी उघडी ठेवा. सेल काढून ठेवा.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे स्लीव्हची नळी एका तारेत ओवून ठेवायची. दुकानात हीट श्रिंक स्लीव्ह म्हणून मागा. तापवली की आकसून घट्ट बसणारी ही नळी असते. तारेपेक्षा थोडी मोठी घ्या, ४ सेंटिमीटर कापा आणि जोडापासून लांब सरकवा, नाहीतर इस्तरीच्या धगीनं ती तिथंच आकसून बसेल. माझ्या वर्गातली मुलं ही नळी हटकून विसरतात आणि जोड झाल्यावर कपाळावर हात मारतात! जोड झाल्यावर ती घालायला वाटच उरत नाही.

मग दोन्ही तारांचं आवरण २ सेंटिमीटर सोला. दातांनी नाही हं! सोलताना आतले बारीक धागे तुटले तर तार तिथं बारीक झाली असं समजा. तांबं काळपट दिसत असेल तर बारीक पॉलिश कागदानं घासून लाल करा. आता दोन्ही तारा मध्यावर फुलीसारख्या ठेवा आणि प्रत्येकीचं टोक दुसरीच्या अंगाभोवती गुंडाळा. शेंडीसारखा बाजूला उभा राहणारा पीळ नको. जोड तारेच्या रेषेत सरळ झाला पाहिजे, म्हणजे ताण आला तरी उलगडणार नाही.

इस्तरीचं टोक ओल्या स्पंजवर पुसा आणि त्यावर किंचित सोल्डर लावा. टोक जोडाच्या खालून टेकवा. मनात सावकाश तीन अंक मोजा. आता सोल्डर वरच्या बाजूनं तारेला टेकवा. इस्तरीला नाही, तारेला! तार पुरेशी तापली असेल तर सोल्डर वितळून धाग्यांच्या मधल्या फटींत शोषलं जाईल, वात तेल पिते तसं. आधी सोल्डर बाजूला घ्या, मग इस्तरी. आणि पाच सेकंद जोड अजिबात हलवू नका, फुंकरही नको.

चांगला जोड ओळखायचा कसा? तो चमकतो आणि सोल्डरच्या खाली धाग्यांचे पीळ अजून दिसतात. सोल्डर तारेवर गोळ्यासारखं बसलं असेल, अळूच्या पानावरच्या पाण्याच्या थेंबासारखं, तर तार तापलीच नव्हती. सोल्डर नुसतं वर बसलंय, आत शिरलं नाही. निस्तेज आणि खडबडीत दिसलं तर थंड होताना तार हलली. दोन्ही वेळी पुन्हा तापवा, संपलं. मग दोन्हीकडून तार ओढून पाहा. जोड गार झाला की नळी त्यावर आणा. दोन्ही बाजूंच्या आवरणावर ती निदान १ सेंटिमीटर चढली पाहिजे. मोठ्या माणसाकडून लायटरची आच लांबून, फिरती दाखवून घ्या. नळी आकसते आणि टेपसारखी सुटत नाही. तिचं आणखी एक काम आहे. सोल्डर प्यायलेली तार काडीसारखी ताठ होते आणि जिथं ताठपणा संपतो, तिथंच हलून हलून तुटते. नळी नेमकी त्या जागेला आधार देते. काम झाल्यावर साबणानं हात धुवा, मगच डबा उघडा, कारण शिसं पोटात गेलेलं वाईट.

सोल्डर इतकं छान, तर विहिरीवरही तेच का नको? तिथं पंचाईत अशी, की मोटार अडली आणि वीज जास्त ओढली गेली तर जोड तापून सोल्डरच मऊ होतं. शिवाय काही जण तारेच्या टोकाला सोल्डर पाजून ते स्टार्टरच्या स्क्रूखाली आवळतात. तेही चूक. सोल्डर मऊ धातू आहे. दाबाखाली तो महिनोन्‌महिने हळूहळू सरकत राहतो आणि आज घट्ट असलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल होतो.

तिथं कामाला येतं ते क्रिंपिंग. तांब्याची एक छोटी नळी असते. दोन्ही तारांची टोकं दोन्हीकडून तिच्यात घालायची आणि खास पक्कडीनं नळी जोरात चेपायची. स्क्रूखाली लावायची असेल तर एका टोकाला भोक असलेली नळी घेतात, तिला वायरमन लग किंवा थिंबल म्हणतात. चेपताना दाब इतका असतो, की आतले गोल धागे आपला गोलपणा सोडून एकमेकांत बसतात. डब्यात लाडू सैल ठेवले तर मध्ये फटी राहतात, दाबून भरले तर फटी बुजतात, तसंच. मघाशी म्हटलेले डोंगर सपाट होतात, काळा थर फुटतो आणि हवा आत यायला जागाच उरत नाही. उष्णता नाही, राळ नाही, वितळणं नाही.

पण माप चुकलं की सगळं फुकट. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेला २.५ चीच नळी आणि पक्कडीचा खाचाही तोच. मोठ्या नळीत बारीक तार घालून साध्या पक्कडीनं किंवा हातोडीनं ठोकली, तर नळी चपटी होते, तार आत तशीच सैल राहते. हे काम वायरमनचंच. मुलांनी केबलला हात लावायचा नाही, स्टार्टर बंद असला तरी नाही. तुम्ही लांबून पाहा आणि एकच विचारा, "काका, नळी तारेच्या मापाची आहे ना?" चांगला वायरमन चेपल्यावर तार ओढून दाखवतोच.

आता आवरणाचं. पाण्यातल्या मोटारीला कारखान्यातून केबलचा आखूड तुकडाच येतो. पुढची लांब केबल आपण जोडतो, म्हणून हा जोड बहुधा पाण्याखाली राहतो. साधा टेप तिथं टिकत नाही. पाणी टेपच्या कडेनं शिरतं, तांबं हिरवं पडतं, आणि एवढ्यावर थांबत नाही. तारेच्या धाग्यांमधून ते वातीसारखं चढत केबलच्या आत लांबवर जातं. म्हणून तीन तारांचे तीन जोड शेजारी शेजारी न करता पायऱ्यांसारखे मागेपुढे करतात, म्हणजे एखादं आवरण फाटलं तरी दोन जोड एकमेकांना भिडत नाहीत. प्रत्येकावर रबराचा टेप ताणून, अर्धा थर अर्ध्यावर चढवत गुंडाळतात. हा टेप डिंकानं चिकटत नाही, ताणला की स्वतःच स्वतःत मिसळून एकसंध रबर होतो. त्याला ओरखडा पडू नये म्हणून वरून साधा टेप. दुसरा उपाय म्हणजे आतून डिंक लावलेली जाड स्लीव्ह. तापवल्यावर डिंक वितळून फट बुजवतो. चोख काम करणारे मोटार सोडण्याआधी जोड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात आणि मेगर नावाच्या यंत्रानं तपासतात, की तारेतून पाण्यात वीज झिरपते का. पालकहो, वायरमनला हे सांगायला संकोचू नका. जोड बादलीत असताना चूक सापडली तर टेप बदलायचा एवढंच काम. विहिरीत सापडली तर चेनपुली लावून सगळा पाइप वर ओढायचा.

काठावरचा, उघड्यावरचा जोड बिघडतोय हे आधी कळतं का? कळतं. टेप तपकिरी किंवा चकचकीत झालेला दिसतो, जळक्या रबराचा वास येतो, केबलचं आवरण जोडापाशीच ताठ झालेलं असतं. हात लावून पाहायचं नाही, मोठ्यांना सांगायचं.

आणि एक खूण कानाला कळते. सैल जोडात बारीक ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकलं रेडिओ केंद्रच असतं! ती सगळीकडे रेडिओ लहरी फेकते. म्हणूनच खोडदच्या लोकांना ठिणग्यांचा भारी जाच. तिथं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, १४ खोडदच्या मैदानाजवळ आणि बाकीच्या दूरवर पसरलेल्या. त्या आकाशातून येणाऱ्या इतक्या मंद लहरी ऐकतात, की विजेच्या तारांवरच्या एखाद्या सैल जागेतली ठिणगीही त्यांच्या कानात कर्कश वाजते. तिथले अभियंते अशी ठिणगी कुठं पडते आहे, ते शोधत फिरतात. प्रदर्शनाला जाल तेव्हा मोबाइल बंद ठेवायला का सांगतात, हेही आता तुम्हाला कळेल.

घरी हे ऐकायचंय? जुना ट्रान्झिस्टर घ्या, मिडियम वेव्हवर लावा आणि काटा दोन केंद्रांच्या मध्ये, नुसती खरखर ऐकू येईल असा ठेवा. एक दीड व्होल्टचा सेल, दोन तारा आणि लोखंडी कानस घ्या. सेलच्या एका टोकाची तार कानशीला बांधा, दुसऱ्या टोकाची तार कानशीच्या दातांवरून सरकवा. दात लागले-सुटले, लागले-सुटले, की ट्रान्झिस्टरमधून करकर, करकर असा आवाज येतो. एका जागी तार दाबून धरू नका, ती तापते. ट्रान्झिस्टर हळूहळू लांब न्या आणि किती पावलांवर आवाज थांबतो ते मोजून मला पत्रानं कळवा.